पहिलं कौशल्य कोणतं विकायचं? चारही गोष्टी तासांत मोजून बघा

ऑनलाइन काम सुरू करायचं ठरवलेला माणूस बहुतेक वेळा एक तक्ता करतो. डावीकडे कौशल्यांची नावं आणि वर चार रकाने: मागणी, स्पर्धा, शिकायला लागणारा वेळ, सुरुवातीचा खर्च. प्रत्येक रकान्यात एक ते पाच गुण द्यायचे, बेरीज करायची आणि जिची बेरीज जास्त भरेल ती निवड पक्की. तक्ता दिसायला नेटका असतो. पण या पद्धतीनं डेटा एंट्री जवळजवळ दर वेळी वरच्या नंबरात येते, आणि तेवढ्यावरूनच पद्धतीत कुठेतरी गडबड आहे हे ओळखावं.

डेटा एंट्रीला मागणी भरपूर, म्हणजे पाच गुण. शिकायला दोन दिवस, पुन्हा पाच. खर्च शून्य, पुन्हा पाच. स्पर्धा प्रचंड, म्हणून तिथे एक. बेरीज सोळा, वीसपैकी. आणि प्रत्यक्षात काम मिळतच नाही, कारण त्या एका गुणानं बाकीचे पंधरा गिळलेले असतात. बेरजेत एक रकाना दुसऱ्याची उणीव भरून काढतो, पण कामाच्या बाबतीत तसं होत नाही. शंभर माणसांमागे एक काम असेल, तर ते काम दोन दिवसांत शिकता येतं याचं कौतुक कशाला?

दुसरी गडबड अशी की हे चार रकाने एकमेकांपासून सुटे नाहीत. जे शनिवार-रविवारात शिकून होतं, ते पुढच्या महिन्यात हजार जण विकायला बसतात. ज्याला खर्च नाही, तिथेही तेच. म्हणजे शिकायला लागणारा वेळ हा तुमच्यासाठी खर्च असला, तरी तो खर्च एकदा करून झाला की तेच तुमचं कुंपणही होतं. गुण देताना आपण त्याची फक्त खर्चाची बाजू धरतो.

म्हणून गुण बाजूला ठेवून चारही गोष्टी एकाच मापात आणायला हव्यात. माझ्या मते ते माप म्हणजे तास: पहिलं पैसे देणारं काम हातात पडेपर्यंत आपले किती तास जातील. शिकण्याचा वेळ तर तासांतच असतो. स्पर्धा म्हणजे एका कामासाठी किती प्रपोजल, म्हणजे कामाच्या जाहिरातींना आपले अर्ज, पाठवावी लागतील, आणि प्रत्येक प्रपोजलला वेळ लागतोच. खर्चाचेही तास करता येतात: लागणाऱ्या रकमेला सुरुवातीच्या काळात तासाला जे मिळेल त्यानं भागायचं. उरली मागणी. ती थोडी वेगळी वागते, तिच्याकडे वळूच.

मागणी: नळ किती मोठा आहे ते बघा, तलाव नको

मागणी मोजताना लोक पहिल्यांदा सर्च इंजिनकडे जातात आणि तिथे घोळ करतात. गूगल ट्रेंड्समध्ये ‘व्हिडिओ एडिटिंग’ टाकलं की वर चढणारी रेघ दिसते आणि माणूस खूश होतो. पण ती रेघ किती लोकांनी शोधलं हा आकडा देतच नाही. निवडलेल्या काळातल्या सर्वोच्च बिंदूला १०० धरून बाकीचं त्या मानानं दाखवते, एवढंच. शिवाय ‘व्हिडिओ एडिटिंग कसं शिकायचं’ असं शोधणारे लोक तुमचे ग्राहक नव्हेत. ते उद्याचे स्पर्धक आहेत. शिकण्याशी संबंधित शोध वाढले, तर त्याचा अर्थ स्पर्धा वाढणार असाच घ्यायचा.

खरी मागणी दिसते ती कामाच्या जाहिरातींत. अपवर्कसारख्या, क्लायंट कामाच्या जाहिराती टाकतात अशा साइटवर जाहिरातीखाली बरीच माहिती उघड असते: क्लायंटची पेमेंट पद्धत पडताळलेली आहे की नाही, त्यानं आजवर किती पैसे खर्च केले, टाकलेल्या जाहिरातींपैकी कितींवर खरंच कुणाला घेतलं, आणि आतापर्यंत साधारण किती प्रपोजल आली. प्रपोजलचा आकडा नेमका नसतो, ‘५ ते १०’, ‘२० ते ५०’, ‘५० हून अधिक’ असे पट्टे असतात. आपल्या कामाला तेवढं पुरतं.

एका कौशल्यासाठी वीस जाहिराती निवडा. एका बैठकीत सगळ्या वीस नको; दोन आठवड्यांत, वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या वेळी थोड्या थोड्या. प्रत्येकीसमोर प्रपोजलचा पट्टा लिहायचा आणि त्याबरोबर जाहिरात किती जुनी आहे तेही. हे दुसरं बहुतेक जण विसरतात. तासाभरापूर्वी टाकलेल्या जाहिरातीवर वीस प्रपोजल असणं आणि तीन दिवस जुन्या जाहिरातीवर वीस असणं यांत खूप अंतर आहे. मग आठवड्याभरानं त्याच जाहिराती पुन्हा उघडायच्या आणि बघायचं: कुणाला काम मिळालं, की जाहिरात तशीच पडून राहिली? पडून राहणाऱ्या जाहिरातींचं प्रमाण बघून पहिल्यांदा धक्का बसतो.

गाळणीही लावायची. पेमेंट पडताळलेलं नाही आणि आजवर एकालाही घेतलेलं नाही, अशी जाहिरात बाजूला. पाच वर्षांचा अनुभव मागणारी, तीही बाजूला. ती मागणी आहे, पण तुमच्यासाठी नाही. काम देण्याआधी नोंदणी फी किंवा अनामत मागणारी, किंवा पहिल्याच वाक्यात दुसऱ्या मेसेजिंग अॅपवर या म्हणणारी जाहिरात तर मागणी नव्हेच, ते जाळं आहे. डेटा एंट्री आणि टायपिंगमध्ये अशी जाळी जास्त, कारण तिथे नवखे जास्त. गाळल्यावर जे उरतं त्यावरून काढा: आठवड्याला मला प्रपोजल पाठवता येईल अशा किती जाहिराती येतात?

आणि इथेच मागणीबद्दलचा एक सर्वसाधारण समज मोडतो. समजा, तुमच्याकडे आठवड्याला दहा तास आहेत आणि एका नीट प्रपोजलला अर्धा तास लागतो. सगळा वेळ त्यातच घातला, तरी आठवड्याला वीस प्रपोजल झाली. मग लायक जाहिराती आठवड्याला तीस आल्या काय किंवा तीन हजार आल्या काय, तुमच्यासाठी दोन्ही सारखंच. मागणी ही नळासारखी आहे: तुमची बादली भरेल एवढी धार असली की झालं, मागे तलाव केवढा आहे यानं बादली लवकर भरत नाही. ‘मार्केट खूप मोठं आहे’ हे निवडीचं कारणच होऊ शकत नाही. मात्र धार बारीक असेल, आठवड्याला दोनच लायक जाहिराती येत असतील, तर तुमचे तास रिकामे जातात आणि कॅलेंडर पुढे सरकत राहतं. तेव्हा मागणीचा हिशोब तासांत नको, आठवड्यांत करायचा.

स्पर्धा: किती विक्रेते आहेत हा प्रश्नच चुकीचा

फायव्हर या सेवा विकायच्या साइटवर एखादी सेवा शोधली की इतक्या हजार सेवा उपलब्ध आहेत असा आकडा दिसतो आणि नवखा तिथेच खचतो. त्या आकड्यात महिनोन् महिने लॉगिन न केलेले, एकही ऑर्डर न मिळालेले, दुसऱ्याचे नमुने उचलून लावलेले असे सगळे धरलेले असतात. तुमची स्पर्धा त्या सगळ्यांशी नाही. एका जाहिरातीवर तुमच्याशेजारी बसून क्लायंटच्या नजरेत भरणारी माणसं किती, एवढंच मोजायचं.

इतरांची प्रपोजल आपल्याला वाचता येत नाहीत, म्हणून इथे अंदाज करावा लागतो. त्या कौशल्याच्या यादीतली पंचवीस-तीस प्रोफाइल उघडा आणि बघा की कितींकडे स्वतःचे म्हणता येतील असे नमुने आहेत आणि अलीकडे काम केल्याच्या खुणा आहेत. समजा, पाचांतले दोन तसे निघाले. मग जाहिरातीवर पन्नास प्रपोजल येत असतील, तर खरे स्पर्धक वीस.

आता नवख्याची अडचण. तुमच्या नावावर एकही रिव्ह्यू नाही, म्हणून वीसांत तुम्हाला वाटा एक-विसांशाहून कमी. किती कमी, याचं सूत्र कुणाकडे नाही; मी दीडपट अडचण धरतो, म्हणजे वीसऐवजी तीसांत एक. त्यातून अर्ध्या जाहिरातींवर क्लायंट कुणालाच घेत नसेल, तर तीसचे साठ. म्हणजे पहिलं काम मिळायला सरासरी साठ प्रपोजल. हिशोब असा मांडता येतो:

```
प्रपोजल = खरे स्पर्धक × १.५ ÷ काम दिलं जाण्याचं प्रमाण
साठ     = २० × १.५ ÷ ०.५
```

साठ ही सरासरी आहे, हमी नव्हे. कुणाला पंधराव्या प्रपोजलला काम मिळेल, कुणाला शंभराव्याला. पण दोन कौशल्यांची तुलना करायला सरासरी पुरेशी आहे.

शिकणं आणि खर्च

‘व्हिडिओ एडिटिंग शिकायला किती वेळ लागतो?’ या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण त्याचा शेवट ठरलेला नाही. शेवट ठरवायचा तर पुन्हा त्या वीस जाहिरातींकडे जायचं. प्रत्येकीत नेमकं काय करून मागितलंय ते लिहायचं आणि वीसांतल्या चौदा-पंधरा ठिकाणी जे येतं तेवढंच पहिल्या फेरीत शिकायचं. उभ्या छोट्या व्हिडिओंच्या जाहिरातींत बहुतेकदा चार गोष्टी असतात: लांब रेकॉर्डिंगमधून कामाचा तुकडा काढणं, अडखळणं कापणं, पडद्यावर शब्द उमटवणं आणि आवाज समतोल करणं. कलर ग्रेडिंगचा मोठा कोर्स तिथे पहिल्या कामासाठी लागत नाही.

शिकणं पुरं झालं हे ओळखायची माझी खूण साधी आहे. वीसांतली एक जाहिरात उचला, तिच्यातलं काम स्वतः जमवलेल्या कच्च्या मालावर करून बघा. मध्येच ट्यूटोरियल थांबवून-थांबवून बघावं न लागता ते झालं आणि सरावलेल्या माणसाच्या तिप्पट वेळात झालं, तर विकायला हरकत नाही. असे दोन-तीन नमुने तयार करायचा वेळही शिकण्याच्याच तासांत धरा. तो न धरल्यामुळे बहुतेकांचा अंदाज अर्ध्यावर येतो.

खर्चात नुसतं सॉफ्टवेअर बघून चालत नाही. डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती आहे, तिच्यात व्यवसायाचं काम होतं. पण विंडोजवर ती १६ जीबी रॅम मागते, आणि त्यातल्या फ्युजन विभागात इफेक्ट करायचे तर ३२ जीबी. फुकट सॉफ्टवेअरमुळे महाग संगणक घ्यावा लागतो, तो असा. वर्डप्रेसही मोफत आहे आणि सराव स्वतःच्या संगणकावर करता येतो, पण क्लायंटला दाखवायची साइट इंटरनेटवर ठेवायला डोमेन आणि होस्टिंग लागतं, तेही दरवर्षी. शिवाय ठिकाणाचा वाटा: फायव्हर विक्रेत्याच्या प्रत्येक कमाईतून २० टक्के कापतं, अपवर्कवर प्रपोजल पाठवायला कनेक्ट्स नावाची टोकनं लागतात आणि जवळची संपली की विकत घ्यावी लागतात. म्हणजे जास्त स्पर्धेच्या कौशल्यात प्रपोजलचा नुसता वेळच जात नाही, पैसेही जातात.

एक हिशोब मांडून बघू

धरून चालू की एक बाई कार्यालयात हिशेबाचं काम करतात. एक्सेलमध्ये रोज हात असतो. संगणक ८ जीबी रॅमचा, चार-पाच वर्षं जुना. आठवड्याला दहा तास मोकळे. मनात तीन पर्याय आहेत: छोट्या व्हिडिओंचं एडिटिंग, वर्डप्रेसवर साध्या साइट बांधणं आणि स्प्रेडशीटचं काम, म्हणजे विस्कटलेला डेटा साफ करणं आणि महिन्याचा रिपोर्ट आपोआप तयार होईल अशी शीट करून देणं. खालचे आकडे मी पद्धत दाखवण्यासाठी घेतलेले आहेत. तुमचे तुम्हाला वीस-वीस जाहिराती बघून काढावे लागतील, आणि ते वेगळेच येतील.

व्हिडिओचा हिशोब वर अर्धा झालाच: पन्नास प्रपोजलांत वीस खरे स्पर्धक, अर्ध्याच जाहिरातींवर काम दिलं जातं, म्हणून साठ प्रपोजल. इथे प्रपोजल छोटं असतं, नमुन्याची लिंक आणि चार ओळी, वीस मिनिटांत होतं. म्हणजे २० तास. शिकायला नमुन्यांसकट ६० तास. संगणक बदलायला जी रक्कम लागेल ती त्यांच्या सुरुवातीच्या दरानं ५० तासांच्या कमाईएवढी. एकूण १३० तास.

वर्डप्रेसला जाहिरातीमागे चाळीस प्रपोजल, त्यांत खरे स्पर्धक सोळा, आणि दहांतल्या सहा जाहिरातींवर काम दिलं जातं. सोळा गुणिले दीड म्हणजे चोवीस, भागिले ०.६, म्हणजे चाळीस प्रपोजल. प्रत्येकाला अर्धा तास, म्हणून २० तास. शिकायला ९० तास, डोमेन-होस्टिंग १० तासांच्या कमाईएवढं. एकूण १२०.

स्प्रेडशीटच्या नेमक्या जाहिरातींवर, समजा, सोळाच प्रपोजल येतात आणि त्यांतली निम्मी खरी. आठ गुणिले दीड म्हणजे बारा, भागिले ०.६, म्हणजे वीस प्रपोजल. पण क्लायंटची अडचण समजून घेऊन लिहायचं असल्यानं प्रत्येकाला पाऊण तास, एकूण १५ तास. सूत्रं आणि पिव्होट टेबल त्यांना आधीच येतात; गूगल शीट्समधलं QUERY, बाहेरून डेटा ओढणं आणि थोडं अॅप्स स्क्रिप्ट शिकायला नमुन्यांसकट २५ तास. कनेक्ट्ससाठी २ तासांची कमाई. एकूण ४२.

तिघांत स्प्रेडशीट सरळ पुढे आहे. आता नळ बघू. स्प्रेडशीटच्या लायक जाहिराती आठवड्याला आठच येतात असं धरलं, तर वीस प्रपोजलना अडीच आठवडे, शिकायला अडीच, मिळून पाच आठवडे. व्हिडिओला शिकायला सहा आणि प्रपोजलला दोन, आठ आठवडे. तिथे जाहिराती हव्या तेवढ्या असल्या, तरी दहा तासांत तीसच प्रपोजल जाणार. वर्डप्रेसला नऊ आणि दोन, अकरा. जिथे मागणी सगळ्यांत कमी तिथेच पहिलं काम सगळ्यांत आधी येतंय. गुणांच्या तक्त्यात हे कधी दिसलं नसतं.

आता या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा? प्रत्येक अंदाज दुप्पट करून बघा आणि क्रम बदलतो का ते तपासा. स्प्रेडशीट शिकायला २५ ऐवजी ५० तास लागले, तर एकूण ६७, तरी पुढेच. प्रपोजल दुप्पट लागली तर ५७, तरी पुढेच. दोन्ही दुप्पट धरली तर ८२. म्हणजे ही निवड कच्च्या अंदाजांवर उभी असली, तरी डळमळीत नाही. उलट व्हिडिओचे १३० आणि वर्डप्रेसचे १२० यांत खरा फरक काहीच नाही; शिकण्याच्या अंदाजात थोडी चूक झाली की क्रम उलटतो. दोन पर्याय इतके जवळ आले, की हिशोब पुढे ताणू नये. जास्त काळ मन लागेल तो घ्यावा.

संगणक ही यातली सगळ्यांत हलणारी बाजू. याच बाईंकडे १६ जीबीचा संगणक आधीच असता, तर व्हिडिओचे १३० एकदम ८० झाले असते. म्हणूनच दुसऱ्याची ‘टॉप टेन कौशल्यं’ची यादी आपल्याला लागू पडत नाही. त्यात आपल्याला आधीपासून काय येतं आणि आपल्याकडे काय आहे, हे दोन्ही नसतं, आणि एकूण तासांत तेच सगळ्यांत जड असतं.

पहिलं म्हणजे कायमचं नव्हे

इथवरचा हिशोब पहिल्या कामापर्यंतचा. पण पहिल्या शंभर कमाईच्या तासांपर्यंत तो ताणला की चित्र थोडं बदलतं, आणि माझ्या मते या विषयातली खरी गंमत इथे आहे.

स्प्रेडशीटचं काम छोटं असतं, समजा सहा तासांचं, आणि झालं की संपतं. शंभर तासांना सतरा कामं लागतात. निम्मी जुन्याच क्लायंटांकडून आली, तरी आठेक नवे क्लायंट शोधावे लागतात. रिव्ह्यू जमू लागल्यावर दर क्लायंटमागे वीसऐवजी दहा प्रपोजल धरू. मग एकूण नव्वद प्रपोजल, ६७ तासांहून थोडी जास्त. शिकणं आणि खर्च धरून सगळे मिळून साधारण ९५ तास.

व्हिडिओचा क्लायंट दर आठवड्याला नवे तुकडे पाठवतो. एक जण सोडून जाईपर्यंत पंचवीस तासांचं काम देतो असं धरलं, तर चार क्लायंट पुरतात. पहिल्याला साठ, पुढच्या तिघांना तीस-तीस, दीडशे प्रपोजल, ५० तास. एकूण १६०. वर्डप्रेसची एक साइट पंचवीस तासांची धरली, तर चारच साइट. शंभर प्रपोजल, ५० तास, एकूण १५०. म्हणजे स्प्रेडशीट अजून पुढे आहे, पण सुरुवातीला जे अंतर तिपटीचं होतं ते दीडपटीच्या आसपास आलं.

आणि दुसऱ्या शंभर तासांत? तेव्हा शिकणं झालेलं, संगणक घेतलेला. उरला फक्त नवा क्लायंट शोधायचा वेळ. स्प्रेडशीटला आठ क्लायंट, ऐंशी प्रपोजल, ६० तास. व्हिडिओला चार क्लायंट, एकशेवीस प्रपोजल, ४० तास. वर्डप्रेसलाही ४०. जे पहिल्यांदा विकायला सगळ्यांत सोपं होतं, तेच चालू ठेवायला सगळ्यांत महाग निघालं, कारण कामं छोटी आणि एकेरी आहेत.

यावर दोन वाटा आहेत. एक, काम तेच ठेवून त्याची मांडणी बदलायची: एकदा शीट करून देण्याऐवजी दर महिन्याला ती चालवून रिपोर्ट पाठवण्याचं ठरवून घ्यायचं. अशी महिन्याची कामं ज्या जाहिरातींत आहेत त्यांनाच आधी प्रपोजल पाठवायचं. दुसरी, मिळालेल्या पैशातून संगणक घेऊन मग व्हिडिओकडे वळायचं. त्यात स्प्रेडशीटच्या रिव्ह्यूंचा थेट उपयोग थोडाच होतो, कारण व्हिडिओवाल्या क्लायंटला शीटचं कौतुक काय! पण वेळेवर काम देणारी, नीट बोलणारी व्यक्ती एवढी ओळख तरी प्रोफाइलवर बसलेली असते. मी पहिली वाट आधी धरेन.

काम येत नसेल तर

वीस प्रपोजलचा अंदाज होता आणि वीस गेली तरी काहीच नाही, हे सरासरीच्या स्वभावातच आहे. दहांतल्या तीन-चार जणांचं तसं होईल. चाळीस होईपर्यंत कौशल्य बदलायचं नाही, पण काय होतंय ते टिपत राहायचं. एकालाही उत्तर आलं नसेल, तर एकतर तुम्ही जाहिरात शिळी झाल्यावर पोचताय, नाहीतर प्रपोजलच्या पहिल्या दोन ओळींत क्लायंटच्या अडचणीचा पत्ता नाही. उत्तरं येतात पण नमुना बघितल्यावर बोलणं थांबतं, तर शिकणं अर्धवट राहिलंय. तिप्पट वेळाची खूण पुन्हा लावून बघा. बोलणं भावापर्यंत जाऊन तुटत असेल, तर कौशल्याची निवड बरोबर आहे, भाव किंवा कामाचा आवाका नीट मांडला जात नाही.

चाळीसनंतरही शांतता असेल, तर सगळं टाकून नव्या कौशल्याकडे उडी मारण्याआधी त्याच कौशल्याचा कोपरा बदलावा. ‘स्प्रेडशीट’ ऐवजी ‘ऑनलाइन दुकानाच्या साठ्याचा मेळ घालून देणं’. कोपरा जितका अरुंद, तितक्या जाहिराती कमी होतात, पण स्पर्धक त्याहून वेगानं कमी होतात, एका मर्यादेपर्यंत. ती मर्यादा नळावरूनच कळते: लायक जाहिराती आठवड्याला तीन-चारच्या खाली गेल्या की कोपरा फार अरुंद झाला, एक पायरी मागे यायचं. कोपरा बदलल्यावर नवं शिकायला पाच-सहा तास लागतात, नवं कौशल्य घेतलं तर पुन्हा साठ किंवा नव्वद.